परतीची साधी ओळ

मी ज्या गिरणीत सतरा वर्षं नोकरी केली, तिथे लोकर तयार व्हायची. लोकर खपावी म्हणून तिच्याबरोबर विणकामाची पत्रकं निघत. एका मोठ्या कागदाची चौघडी, वर फोटो, आत कृती. तिसऱ्या मजल्यावर पत्रकांचा विभाग होता. विभाग म्हणजे काय, तर एक लांब टेबल, सुयांचे खण, नमुने टांगायची काठी आणि आम्ही दोघी. कृती लिहिणाऱ्या बाई आणि ती तपासणारी मी.

तपासायचं म्हणजे लिहिलेलं वाचून वस्तू विणून बघायची. नीट झाली की कृतीच्या खाली कोपऱ्यात सही करायची. सहीशिवाय कागद छापखान्यात जात नसे. हा नियम बाईंचाच. "ज्याची त्याला चूक दिसत नाही," त्या म्हणायच्या. "आपला तो बाब्या. म्हणून दुसरीचे डोळे हवेत."

बाई त्या वर्षी महिनाअखेरीला निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांनी साहेबांना माझं नाव सुचवलं होतं. साहेबांचा होकारही आला होता, फक्त कागद यायचा बाकी होता. मी तेव्हा एकतीस वर्षांची. त्या खुर्चीवर बसून आपल्या मनाने कृती लिहायच्या, दुसऱ्याच्या विणत बसायच्या नाहीत, एवढं एकच मला हवं होतं. ते इतकं हवं होतं की बाई पाणी प्यायला उठल्या तरी माझी नजर त्या रिकाम्या खुर्चीकडे जाई. मग माझी मलाच शरम वाटे.

बाईंचं शेवटचं पत्रक तिकोनी शालीचं होतं. आणि त्याच्या खाली, पहिल्यांदाच, त्यांचं नाव छापायचं साहेबांनी कबूल केलं होतं.

ती शाल खरंच सुंदर होती. मानेपाशी सुरू व्हायची. सुईवर फक्त तीन टाके घ्यायचे आणि सहा ओळी सगळ्या सुलट विणायच्या. बोटाएवढी पट्टी होते, तिच्या कडेला तीन कंगोरे दिसतात. आता काम उलटायचं नाही. पट्टी तशीच आडवी फिरवायची, त्या तीन कंगोऱ्यांतून कडेने तीन टाके उचलायचे, पुन्हा फिरवायची आणि जिथून सुरुवात केली त्या काठातून आणखी तीन. झाले नऊ. अशानं तीन टाक्यांची किनार या टोकापासून त्या टोकापर्यंत मानेवरून सलग जाते. कोणी सरळ नऊ टाके घालून सुरू केलं तर मानेच्या मधोमध कुबड येतं. बाई त्याला "उंटाची शाल" म्हणत.

नऊ टाक्यांपासून पुढे वाढ. तीन टाके किनारीचे, दोरा सुईवरून घ्यायचा, मग मधल्या टाक्यापर्यंत सुलट, पुन्हा दोरा, मधला एक टाका, पुन्हा दोरा, शेवटच्या तीन टाक्यांपर्यंत सुलट, पुन्हा दोरा, आणि किनारीचे तीन. चार ठिकाणी चार टाके वाढतात. परत येताना काही वाढवायचं नाही, सगळं साधं सुलट. पुन्हा जाताना चार. असं जात-येत राहायचं. जाताना वाढ, येताना विश्रांती. म्हणून वरची कड सरळ राहते, मधला टाका पाठीच्या कण्यासारखा खाली उतरत जातो आणि दोन्ही बाजूंनी छोट्या जाळीच्या रेघा उमटतात. सुईवर दोनशे एकोणनव्वद टाके झाले की बंद करायचे.

मी ती पाच दिवसांत विणली, सही केली. छापखान्यातून चार हजार पत्रकं आली. खाली बांधणीच्या खोलीत शंभराशंभराचे गठ्ठे रचून ठेवले. तो आठवडा सोडून पुढच्या शनिवारी गाड्या भरून ती दुकानांना जायची होती.

आमच्या तळमजल्यावर टेलिफोनच्या बोर्डावर एक मुलगी होती. सगळे तिला घंटी म्हणत. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून. वीस-एकवीस वर्षांची असेल. सुई हातात धरायलाही येत नव्हती तिला. तिने गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं आणि सरळ वर आली.

"ताई, मला हे जमेल का हो? आईला करायचीय. तिला मी हातानं केलेलं काही म्हणजे काही दिलं नाहीये आजवर. चहासुद्धा तीच करते."

"पत्रक वाचायला येतं ना? मग जमेल," मी म्हणाले. सुलट टाका आणि पट्टी तिला करून दाखवली, दोरा सुईवर कसा घ्यायचा ते शिकवलं. बाई खुर्चीतून म्हणाल्या, "आमच्या कृतीनं माकडसुद्धा विणेल."

"मग मला आशा आहे," घंटी म्हणाली.

सहा दिवसांनी, सोमवारी दुपारी, ती पळत वर आली. बाई साहेबांकडे गेल्या होत्या. "ताई, संपली पण! तुम्हाला पाच दिवस लागले ना? मला सहाच! बंद कसं करायचं तेवढं सांगा." आणि पिशवीतून तिने जे काढलं ते बघून मला हसूच आलं. तिकोन नाही, काही नाही. लाटा, झालरी, चुण्या. टेबलावर ठेवलं तर पसरेचना. इकडून दाबावं तर तिकडून उठे.

"फुलकोबी झालीय," घंटी म्हणाली आणि स्वतःच हसली. पण तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. "पण टाके बरोबर आहेत हं. दोनशे एकोणनव्वद. तीनदा मोजले."

मी मोजले. दोनशे एकोणनव्वदच. एकही इकडचा तिकडे नाही. मधला टाका बरोबर मधोमध. नवशिकी असून तिने इतकं नेटकं केलं होतं की मला कौतुक वाटलं. मग सहज कंगोरे मोजले. एक कंगोरा म्हणजे जाऊन-येऊन दोन ओळी. पस्तीस भरले. मी काठीवरची माझी शाल ओढली. तिचे मोजले. सत्तर.

टाके तेवढेच, ओळी निम्म्या. म्हणजे ही पोरगी जातानाही वाढवत होती आणि येतानाही.

"अगं, परतीच्या ओळीत कशाला वाढवलंस?"

"परतीच्या म्हणजे?"

मी पत्रक उघडलं, तिला बोट ठेवून दाखवायला. वाढीची ओळ होती. त्याखाली लगेच: "याप्रमाणे सुईवर २८९ टाके होईपर्यंत विणा." मध्ये काही नाही. परत येताना साधं सुलट विणा, हे वाक्यच नव्हतं.

मी उलटून मागे पाहिलं, जणू ते मागच्या पानावर पळून गेलं असेल. मी हीच कृती समोर ठेवून विणली होती. ओळ न् ओळ. आणि माझे हात परत येताना आपोआप साधे आले होते, कारण ते वयाच्या सातव्या वर्षापासून तसेच येत होते. कागदावर नव्हतं ते माझ्या हातांनी भरून काढलं, आणि मला कळलंही नाही. ज्यासाठी मला पगार मिळायचा नेमकं तेच मी केलं नव्हतं.

"ताई? काय झालं?"

आणि मी जे बोलले ते आज इतक्या वर्षांनीही आठवलं की मान खाली जाते. मी पत्रकाची घडी घातली आणि म्हणाले, "तुझाच हात चुकलाय कुठेतरी. पहिल्यांदा होतं असं. उसव आणि पुन्हा कर."

"हो का?" ती एवढंच म्हणाली. आणि माझ्यासमोर उभ्या उभ्या तिने दोरा ओढायला सुरुवात केली. सर्र सर्र आवाज. सहा दिवसांचं काम दहा मिनिटांत गेलं. लोकर कुरळी होऊन तिच्या पायाशी पडली. "आम्ही टेलिफोनवाले," ती म्हणाली, "चुकीचं कनेक्शन लागलं तर पुन्हा लावतो. त्यात काय."

ती गेली आणि मला एका जागी बसवेना. खिडकीशी जावं तर खाली बांधणीची खोली दिसे, तिच्या उघड्या दारातून गठ्ठे दिसत. टेबलाशी यावं तर बाईंची खुर्ची. मी सुयांचे खण लावायला घेतले, जाडीप्रमाणे, मग लांबीप्रमाणे, मग पुन्हा जाडीप्रमाणे.

बाई परतल्या. "आज काय साफसफाईचा झटका आलाय?"

"काही नाही, असंच."

"अगं, आता तुझंच राज्य येणार आहे. तेव्हा कर हवी तेवढी." आणि त्यांनी त्यांच्या चष्म्याच्या डबीतून पत्रकाची एक प्रत काढली. डबीत मावावी म्हणून तिची बारीक घडी केली होती. ती उलगडून त्यांनी खालचं स्वतःचं नाव बघितलं आणि परत ठेवली. दिवसातून कितीदा तरी बघत असतील. एकोणतीस वर्षं त्या तिथे होत्या. या नावाखाली चूक आहे, हे त्यांना कोणी सांगायचं? आणि सांगितलं तर पहिला प्रश्न काय येईल ते माहीत होतं. तपासलं कोणी?

मंगळवारी मी स्वतःची समजूत घालत राहिले. विणणाऱ्या बायकांना कळतंच की. कोण वेडी परतताना वाढवेल? चार हजारांत असतील दहा-वीस नवशिक्या. त्यांचंही चुकलं तर त्या आपल्याच हाताला दोष देतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे मनात आलं आणि लगेच घंटीचं ते "हो का?" ऐकू आलं.

मी खाली गेले. काही निमित्त काढून. बोर्डावर दिवे लागत होते, ती एका हाताने वायर खोचत होती, मांडीवर लोकर होती. सुईवर पट्टी, नऊ टाके, वाढ. तिने सुरुवात पहिल्याहून सुबक केली होती.

"ताई, या वेळी एक एक शब्द वाचून करतेय. बोट ठेवून. आता नाही चुकायची." मग बोर्डाकडे वळून, "हॅलो, जोडते हं." मग मला, "काल घरी आई म्हणाली, तुझ्यानं नाही व्हायचं, तू लहानपणीही रुमालाला भोक पाडलं होतंस. म्हटलं, थांब, बघशील."

तिथेच सांगायचं होतं. एक वाक्य. परत येताना वाढवू नकोस. शाल झाली असती, ती खूश झाली असती, गठ्ठे गेले असते, खुर्ची आली असती. तोंडापर्यंत आलंही. पण एवढं सांगितलं की ती विचारणार, "मग पत्रकात का नाही?" घंटी होती ती. विचारल्याशिवाय राहिलीच नसती. मी "बघू, दाखव नंतर" असं काहीतरी म्हणून वर आले. जिने चढताना पायऱ्या मोजत होते. दोनदा मोजणी चुकली.

बुधवारी मी घरून निघाले ती अर्ध्या वाटेवरून परत फिरले, डबा विसरला म्हणून. डबा हातातच होता. धाकट्या बहिणीने दारात पाहिलं आणि म्हणाली, "ताई, कुठं हरवलीयस? खुर्ची मिळायच्या आधीच डोक्यात गेली वाटतं." मी तिच्यावर इतकी ओरडले की ती घाबरली.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत घंटी वर आली. या वेळी पळत नाही. बाई टेबलाशी बसून जेवत होत्या. घंटीने त्यांच्याकडे पाठ करून, जणू काही चोरीचा माल असावा तसं, हळूच पिशवीतून काम काढलं. वीस ओळी झाल्या होत्या. सुईवर एकोणनव्वद टाके. वीस ओळींना एकोणपन्नास हवेत. कडा उठायला लागल्या होत्या.

"पुन्हा तेच होतंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मला वाटतं ताई, माझ्या हातातच नाहीये. काहींच्या हातात नसतं ना? आमच्या ऑफिसातले सगळे हसतात. त्यांचं काही नाही. पण आईला सांगून बसलेय मी." आणि टाके निसटू नयेत म्हणून सुईच्या टोकाला टोपण लावून तिने सगळं माझ्यासमोर ठेवलं. "लोकर तुम्ही कोणाला तरी द्या. फुकट जायला नको."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. तिला खरंच पटलं होतं की आपल्या हातात नाही. आणि ते मी पटवलं होतं. एका मुलीच्या मनातून तिचे हात मी काढून घेतले होते, एका खुर्चीसाठी.

"तुझ्या हातात आहे," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. बाईंनी वर पाहिलं. "बाई, पत्रक चुकलंय."

"कोणतं?"

"तुमचं. शालीचं."

बाईंनी डबा बाजूला सरकवला, हात पुसले, चष्म्याची डबी उघडली. रागावल्या नव्हत्या. उलट थोड्या हसल्या. "तू विणलीस ना? मग चुकेल कसं? आण, वाच. नाही, थांब, मीच वाचते." आणि त्या बोट ठेवून मोठ्याने वाचू लागल्या. "तीन टाके घाला. सहा ओळी सुलट. कडेने तीन उचला, काठातून तीन. नऊ. बरोबर. मग तीन सुलट, दोरा, मधल्या टाक्यापर्यंत सुलट, दोरा, एक सुलट, दोरा, शेवटच्या तीनपर्यंत सुलट, दोरा, तीन सुलट. परतीची ओळ साधी सुलट. याप्रमाणे दोनशे एकोणनव्वद होईपर्यंत. काय चुकलंय यात?"

त्या अगदी सहज वाचून गेल्या होत्या. न अडखळता.

घंटी टेबलाजवळ आली. वाकून पत्रकात बघितलं. "बाई," ती म्हणाली, "ते परतीचं कुठे लिहिलंय?"

"हे काय." बाईंनी बोट ठेवलं. बोट कागदावर होतं आणि त्याच्याखाली काही नव्हतं. त्यांनी बोट उचललं. पुन्हा ठेवलं. मग पत्रक डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. मग खण उघडून स्वतःच्या हाताने लिहिलेला मूळ कागद काढला. त्यातही नव्हतं. खाली कोपऱ्यात माझी सही होती.

बाईंनी तो कागद पत्रकाशेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "केव्हा कळलं तुला?"

"सोमवारी."

"आणि आज गुरुवार."

"हो."

"हिला काय सांगितलंस?"

मी घंटीकडे पाहिलं. "हिचा हात चुकला म्हणून सांगितलं."

घंटीने माझ्यासमोर ठेवलेली लोकर उचलून पोटाशी धरली. "म्हणजे मी दोन्ही वेळा बरोबर विणलं?"

"तूच एकटीनं बरोबर विणलंस," बाई म्हणाल्या. "आम्ही दोघी आंधळ्या."

त्या उठल्या, पदर सारखा केला, पत्रक घेतलं आणि साहेबांकडे जायला निघाल्या. मी मागोमाग. जिन्यात त्यांनी मला थांबवलं. "मी सांगते की लिहिताना राहिलं. तपासताना सुटलं हे सांगायला नको. मी काय, पंधरा दिवसांची पाहुणी."

मला वाटलं होतं की एवढं ऐकलं की जीव भांड्यात पडेल. पडला नाही. वर लोकर पोटाशी धरून उभी असलेली ती मुलगी, तिचं ते "हो का?", आणि आता हे. मी म्हणाले, "साहेब विचारतीलच, तपासलं कोणी. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगते."

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

साहेबांनी गाड्या थांबवल्या. रस्त्यापलीकडच्या छोट्या छापखान्यात एक चिठ्ठी छापून घेतली: परतीची प्रत्येक ओळ साधी सुलट विणावी, वाढ फक्त एकाआड एक ओळीत. चार हजार चिठ्ठ्या. शुक्रवारी सकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत बांधणीच्या खोलीत बसून आम्ही एकेक गठ्ठा सोडत होतो, एकेका पत्रकात चिठ्ठी घालत होतो, पुन्हा बांधत होतो. बाई, मी, बांधणीच्या बायका, आणि सुट्टीच्या वेळात घंटी. बाई माझ्याशी फक्त कामाचं बोलल्या. "सुतळी दे." "हा गठ्ठा झाला." बांधणीतली एक म्हणाली, "काय हो, चुकलं कोणाचं?" बाई म्हणाल्या, "आमचं." "आमचं म्हणजे?" "आमचं म्हणजे आमचं. हात चालव."

खुर्ची मला मिळाली नाही. साहेबांनी बाहेरून एक बाई आणल्या, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चांगल्या होत्या. नीट लिहायच्या. पण पहिले काही आठवडे मी त्यांच्या पाठीकडे बघत सुया आदळत असे, हे खरं आहे. जाताना बाईंनी मला त्यांची चार नंबरची सुयांची जोडी दिली आणि म्हणाल्या, "राग गेला नाही अजून माझा. सोमवार ते गुरुवार, चार दिवस." मी म्हणाले, "माहीत आहे."

घंटीची शाल झाली. किनारीला दोन ठिकाणी टाका सुटलेला होता. तिने तो उसवायला साफ नकार दिला. "आता हे माझं आहे, असू दे." आईने घेतली की नाही मी विचारलं तर म्हणाली, "घेतली. म्हणाली, कुणाकडून करवून आणलीस?"

नव्या बाईंनी पहिली कृती माझ्यासमोर ठेवली ती लहान बाळाच्या टोपीची होती. सोपी. मी तीन तासांत विणली, अगदी सुरेख झाली. सही करायला पेन उघडलं आणि हात थांबला. टोपी छान झाली होती, पण ती कागदानं केली की माझ्या हातांनी, हे मला सांगता येईना. मी पेनाला टोपण लावलं, लोकर आणि कागद उचलला आणि तळमजल्यावर गेले. घंटीच्या बोर्डावर तेव्हा एकही दिवा नव्हता.

"हात धुऊन ये," मी म्हणाले. "आणि मी काही सांगणार नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच कर."

"आणि बिघडलं तर?"

"तर माझ्यावर ओरड."

ती हात पुसत परत आली. मी बाजूच्या स्टुलावर बसले, हातावर हात ठेवून. तिने पहिल्याच ओळीत एवढा वेळ लावला की माझी बोटं नुसती शिवशिवत होती.